पोळीचं मशीन किती वर्षांत वसूल?

*कोथरूडमध्ये माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज नऊशेच्या आसपास पोळ्या जातात, लाटायला चार बायका आहेत. पोळी करायचं मशीन घ्यायचा विचार आहे. किंमत साडेतीन लाख, वर अठरा टक्के जीएसटी. विक्रेता म्हणतो, "दोन बायकांचा पगार वाचेल, साडेतेरा महिन्यांत पैसे वसूल." पगार प्रत्येकीला तेरा हजार. त्यातली एक दिवाळीनंतर गावी जाणार आहे. दुसरी अठरा वर्षं माझ्याकडे आहे, तिला मी काढणार नाही. डब्यांच्या जादा ऑर्डरी मात्र सध्या नाकारते, त्या घेता येतील.*

*भाचा सीए करतोय. त्याने पतसंस्थेच्या चौदा टक्के कर्जाचं व्याज धरून डिस्काउंटेड पेबॅक काढला. तो आला सव्वासात वर्षं. मशीन वापरणारी ओळखीची बाई म्हणते, आयुष्य सात वर्षं धर. म्हणजे घेऊच नको? शिवाय चार वर्षं वापरलेलं एक मशीन दोन लाखांत मिळतंय. गाळ्याचा करार अजून चार वर्षांचा आहे आणि सोसायटीत रिडेव्हलपमेंटची कुजबुज सुरू झाली आहे. साडेतेरा महिने खरे की सव्वासात वर्षं?*

*— एक केंद्रचालक, कोथरूड*

ताई, दोन्ही खोटे. विक्रेत्याचा आकडा चुकलाय तो मशीन विकायचं म्हणून, आणि भाच्याचा चुकलाय तो एक गोष्ट दोनदा वजा झाली म्हणून. पेबॅक म्हणजे घातलेले पैसे बचतीतून परत यायला लागणारा काळ. माझ्या हिशेबात साधा पेबॅक तीन वर्षं सात महिने येतो आणि डिस्काउंटेड पेबॅक पाच वर्षं दीड महिना. हे आकडे कुठून आले ते आधी पाहू, कारण तुमचा निर्णय आकड्यापेक्षा त्याच्या पोटात काय धरलंय त्यावर ठरणार आहे.

आधी खर्चाची बाजू. साडेतीन लाखांवर त्रेसष्ट हजार जीएसटी. पोळी-भाजी केंद्र पाच टक्क्यांच्या दराने कर भरत असेल, तर या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो किंमतीतच धरायचा. वाहतूक आणि बसवणं बारा हजार. थ्री फेज लोड आणि वायरिंग पंचवीस हजार. एकूण ४,५०,०००. विक्रेत्याने भागाकार साडेतीन लाखांचा केला, तुमच्या खिशातून जाणार साडेचार.

आता बचतीची बाजू. इथे एकच नियम पाळायचा: जो रुपया तुमच्या गल्ल्यातून बाहेर जायचा खरोखर थांबतो, तोच वाचलेला. दुसऱ्या बाईंना तुम्ही भाजीकडे किंवा काउंटरवर घेणार, म्हणजे त्यांचा पगार चालूच राहणार. तो मशीनच्या खात्यात जमा करता येत नाही. वाचतो तो एकीचाच: बारा महिन्यांचे १,५६,००० आणि दिवाळीचा एक पगार बोनस, मिळून १,६९,०००. विक्रेत्याने दोघींचे ३,१२,००० धरले, आणि वीज, गॅस, दुरुस्ती शून्य धरली.

वीज महिना तीन हजार आणि तवे तापवण्याचा जादा गॅस महिना दोन हजार मी अंदाजाने धरतोय. विक्रेत्याकडून मोटर आणि बर्नरचे आकडे घेऊन तुम्ही ते दुरुस्त करा. दोन्ही मिळून वर्षाला साठ हजार. वॉरंटीचं पहिलं वर्ष सरल्यावर वार्षिक देखभालीचा करार आणि पट्टे-बेअरिंग धरून तीस हजार.

जमेला राहिल्या नाकारलेल्या डब्यांच्या ऑर्डरी. समजा रोज साठ पोळ्या जादा गेल्या, आणि पीठ, तेल, गॅस वजा जाता पोळीमागे चार रुपये सुटले, तर वर्षाच्या तीनशे दिवसांचे ७२,००० होतात. बेरीज-वजाबाकी केली की दुसऱ्या वर्षापासून हातात १,५१,००० राहतात. आपण दीड लाख धरू.

पहिलं वर्ष मात्र वेगळं. मशीन जूनमध्ये लागलं तर दिवाळीपर्यंत चारही बायका कामावर आहेत, बोनसही द्यायचाच आहे. पगार वाचणार नोव्हेंबरपासून मेपर्यंत, सात महिन्यांचे ९१,०००. ऑर्डरी जमायला अर्धं वर्ष गेलं तर ३६,०००. त्यातून वीज-गॅसचे साठ हजार गेले की उरतात ६७,०००. हे पहिलं वर्ष विक्रेत्याच्या कागदावर कधीच नसतं, आणि वसुली लांबवण्यात सगळ्यात मोठा हात त्याचाच असतो.

साधा पेबॅक आता पाढ्यासारखा आहे. पहिल्या वर्षी ६७ हजार, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी दीड-दीड लाख, मिळून ३,६७,०००. उरलेले ८३ हजार चौथ्या वर्षाच्या दीड लाखातून साधारण सात महिन्यांत निघतात. म्हणून तीन वर्षं सात महिने.

डिस्काउंटेड पेबॅकला एकच पायरी जास्त लागते. आज दिलेले साडेचार लाख आणि तीन वर्षांनी हाती येणारे दीड लाख एकाच तागडीत घालता येत नाहीत, कारण मधल्या काळात त्या पैशावर चौदा टक्के चढत असतात. म्हणून एका वर्षाने येणारी रक्कम १.१४ ने एकदा भागायची, दोन वर्षांनी येणारी दोनदा, तीन वर्षांनी येणारी तीनदा. फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. तुमचे आकडे असे येतात:

| वर्ष | हाती येणारे | आजच्या किंमतीत | वसूल झालेले |
|---|---|---|---|
| १ | ६७,००० | ५८,८०० | ५८,८०० |
| २ | १,५०,००० | १,१५,४०० | १,७४,२०० |
| ३ | १,५०,००० | १,०१,३०० | २,७५,५०० |
| ४ | १,५०,००० | ८८,८०० | ३,६४,३०० |
| ५ | १,५०,००० | ७७,९०० | ४,४२,२०० |
| ६ | १,५०,००० | ६८,३०० | ५,१०,५०० |

पाच वर्षं संपली तेव्हा ७,८०० बाकी राहतात, ते सहाव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात निघतात. इथे बचत वर्षाच्या शेवटी एकदम येते असं धरलंय. प्रत्यक्षात ती महिन्यामहिन्याला येते, म्हणून खरा आकडा चार-पाच महिने अलीकडे येईल. त्यामुळे "पाच वर्षं दीड महिना" यातल्या दीड महिन्यावर कुणाशी वाद घालू नका, पाच वर्षं लक्षात ठेवा.

मग भाच्याचे सव्वासात कुठून आले? त्याने आधी दरवर्षीच्या बचतीतून पतसंस्थेच्या हप्त्यातलं व्याज वजा केलं, आणि उरलेली रक्कम पुन्हा १.१४ ने भागत नेली. पाच वर्षांच्या हप्त्यांनी साडेचार लाखांवर जवळपास १,७८,००० व्याज जातं. तेवढं वजा करून वर भागाकारही केला की बरोबर सव्वासात वर्षं येतात, मी करून पाहिलं. पण १.१४ ने भागणं म्हणजेच व्याज मोजणं. पैशाचं भाडं भागाकारातून एकदा घेतलं की वजाबाकीतून पुन्हा घ्यायचं नाही. त्याला सांगा, तक्त्यात व्याजाची ओळ ठेवायची नाही, हप्त्याची नाही, आणि घसाऱ्याचीही नाही. घसारा रोख बाहेर जात नाही, आणि मशीनचे साडेचार लाख तर पहिल्याच दिवशी पूर्ण मोजले आहेत. बाकी पोराने काम नीट केलंय: जीएसटी धरला, वॉरंटी धरली, दिवाळीही धरली. परीक्षेत पास होईल.

हप्ता वेगळ्या कागदावर मात्र लिहा. महिना साधारण १०,४७० रुपये म्हणजे वर्षाला सव्वा लाख, आणि पहिल्या वर्षी मशीन देणार ६७ हजार. उरलेले अठ्ठावन्न हजार धंद्यातून किंवा घरातून घालावे लागतील. हे पेबॅकमध्ये दिसत नाही, कुठल्याच पेबॅकमध्ये दिसत नाही, आणि चांगली मशीनं पहिल्याच वर्षी ओढून नेली जातात ती यापायीच.

चौदाच टक्के का, असंही तुम्ही विचाराल, कारण थोडे पैसे तुमचे स्वतःचे असतील आणि एफडीवर सात टक्क्यांच्या आसपासच मिळतात. सात टक्क्यांनी हिशेब केला तर वसुली चार वर्षं दोन महिन्यांत येते. पण एफडीतला पैसा आणि पोळीच्या मशीनमधला पैसा यांची जोखीम एक नाही. एफडी मोडली की पैसे मिळतात, मशीन मोडलं की भंगार मिळतं. पैसे स्वतःचे असले तरी धंद्यासाठी बाहेरून ते ज्या दराने मिळाले असते तोच दर धरावा, असं माझं मत आहे. भिशीचे पैसे फुकट आहेत असं समजू नका, तो नंबर दुसऱ्या कशासाठी वापरता आला असता.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. मी बचत दरवर्षी तेवढीच धरली, पण पगार वाढतच जाणार, म्हणजे वाचणारा पगारही वाढेल. वीज आणि गॅसही वाढतील, पण त्यांचा आकडा लहान आहे. ती वाढ मी मुद्दाम कागदावर घेतली नाही, चुकलेल्या अंदाजांसाठी तेवढी फट राहू द्या.

आता मुद्द्याचं. साध्या आणि डिस्काउंटेड पेबॅकमध्ये दीड वर्षाचा फरक आला. दोन्ही सात वर्षांच्या आत आहेत, मग एवढी उठाठेव कशाला, असं वाटू शकतं. ती कशाला हे तुमच्या ऑर्डरी न आल्यावर कळतं. समजा ते साठ पोळ्यांचे डबे जमलेच नाहीत. मग पहिल्या वर्षी ३१ हजार आणि पुढे वर्षाला ७९ हजार वाचतात. साधा पेबॅक येतो सहा वर्षं चार महिने. विक्रेता म्हणेल, "सात वर्षांच्या आत आहे ना, मग?" डिस्काउंटेड पेबॅक येतो साडेपंधरा वर्षांच्या पुढे. सात वर्षांनंतर मशीन बंद पडलेलं असेल आणि आजच्या किंमतीत तुमचे दीड लाखांहून जास्त बुडालेले असतील. साधा पेबॅक "जमतंय" म्हणत होता, कारण चौदा टक्क्यांचं ओझं त्याला दिसतच नाही.

यात एक ठोकताळा आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा. शंभराला तुमच्या दराने भागा: चौदाने भागल्यावर साधारण सात येतात. दरवर्षी सारखीच बचत होणार असेल आणि साधा पेबॅक सात वर्षांच्या पुढे जात असेल, तर ते मशीन शंभर वर्षं चाललं तरी चौदा टक्क्यांच्या हिशेबाने वसूल होत नाही, कारण दरवर्षीची बचत नुसत्या व्याजालाही पुरत नाही. सातच्या थोडं अलीकडे असेल तर वसूल होतं, पण नातवंडांच्या काळात. साधा पेबॅक दोन-अडीच वर्षांचा असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ असतात आणि भागाकाराचा त्रास घेण्याची फारशी गरज नसते. वसुली जितकी लांब, तितके हे दोन आकडे एकमेकांपासून पळतात.

म्हणजे तुमचं मशीन पगारावर वसूल होणार नाही, डब्यांवर होणार. किती डबे लागतील तेही निघतं: आजच्या किंमतीत सात वर्षांत जेमतेम वसुली व्हायला रोज पस्तीसच्या आसपास जादा पोळ्या जायला हव्यात, वर्षाला तीनशे दिवस. साठ धरल्या आहेत, पस्तीसला निभावतं, त्याखाली नाही.

आणि इथे मला पोळीचीच धास्ती वाटते. मशीनमधून येते ती एकपदरी, गोल, सगळ्या एका मापाच्या. तुमच्या काउंटरवर उभं राहून बारा पोळ्या बांधून नेणाऱ्या आजी नेतात ती घडीची पोळी, तेल लावून घडी घातलेली, पदर सुटणारी. ती हे मशीन करत नाही. डबेवाल्यांना फरक पडणार नाही, काउंटरच्या गिऱ्हाइकाला पडेल. रोज साठ नव्या आल्या आणि पंचवीस जुन्या गेल्या, तर जमेला पस्तीसच राहिल्या, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आलात. म्हणून मशीनवर डब्यांच्या पोळ्या काढा आणि घडीच्या पोळ्या अठरा वर्षांच्या अनुभवी हातांकडे ठेवा. त्या बाईंचा पगार हिशेबात वाचवलेला नाहीच, मग तो कामाला लावा.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे एक दुपार घालवा. स्वतःची कणीक घेऊन जा, त्याची नको. तुम्ही वापरता तोच गहू, तुमच्याच मापाचं पाणी आणि तेल. मशीनला कणीक जरा वेगळी लागते. सैल झाली की दाबपट्टीला चिकटते, घट्ट झाली की कडा चिरतात. निदान पाच किलोच्या पोळ्या काढायला लावा आणि किती फुगल्या नाहीत, किती टाकाव्या लागल्या ते मोजा. मग त्या डब्यात बंद करून चार तासांनी उघडा, कारण तुमचं गिऱ्हाईक साडेबाराला खातं आणि डबा साडेआठला निघतो. कडा वाळून पापडासारख्या झाल्या असतील तर पेबॅक काढायचा कागद फाडून टाका.

आता जुनं मशीन. दोन लाखांचं मशीन, वाहतूक, वायरिंग आणि सुरुवातीचे पट्टे धरून २,४०,००० होतील. वॉरंटी नाही, म्हणून पहिल्या वर्षापासून दुरुस्तीचे पन्नास हजार धरू. पहिल्या वर्षी हातात १७ हजार येतील, पुढे वर्षाला १,३०,०००. साधा पेबॅक दोन वर्षं नऊ महिने, डिस्काउंटेड साडेतीन वर्षं. दोन्ही मापांनी जुनं मशीन नव्याच्या पुढे. तुम्ही फक्त पेबॅक पाहिलात तर जुनं घ्याल.

पण पेबॅक साधा असो की डिस्काउंटेड, वसुली झाल्या क्षणी डोळे मिटतो. जुनं मशीन चार वर्षं वापरलेलं आहे. आणखी चार वर्षं चाललं तर वसुलीनंतर त्याला सहाच महिने मिळतात, आणि तेवढ्यात आजच्या किंमतीत जेमतेम चाळीस हजार मिळतात. नवं पाच वर्षांनंतर आणखी दोन वर्षं चालतं आणि सात वर्षांअखेर १,२०,००० च्या वर शिल्लक राहते. वर्षं वेगवेगळी म्हणून दोन्ही शिल्लक वर्षावर वाटल्या, तरी नव्याचे वर्षाला अठ्ठावीस हजार आणि जुन्याचे साडेतेरा हजार पडतात. शिवाय जुन्याला अवकाश सहा महिन्यांचा आहे. बेअरिंगने तिसऱ्या वर्षी मान टाकली की खेळ संपला. नव्याला जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश आहे. डिस्काउंटेड पेबॅकचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो असा: वसुली कधी होते यापेक्षा वसुली आणि आयुष्य यांच्यात किती जागा उरते ते पाहायचं.

राहिला गाळ्याचा करार आणि रिडेव्हलपमेंट. कोथरूडमध्ये ही कुजबुज हसण्यावारी नेण्यासारखी नाही. करार चार वर्षांनी संपला आणि पुढे जागाच नसली, तर सात वर्षांचा हिशेब घेऊन काय करायचं? इथे घाबरायच्या आधी एक विचार करा: वायरिंग भिंतीत राहील, मशीन उचलता येतं. तक्त्यात चौथ्या वर्षाअखेर ३,६४,३०० वसूल झाले आहेत, ८५,७०० बाकी आहेत. हे आजच्या किंमतीतले. चार वर्षांनी मशीन विकून तेवढे भरून काढायचे तर त्यावेळी १,४५,००० यायला हवेत (८५,७०० ला चार वेळा १.१४ ने गुणा). तेवढे आले तर चार वर्षांत बाहेर पडूनही तुमचं नुकसान शून्य.

येतील का? ते सांगणारा माणूस तुम्हाला आधीच भेटलाय. जो चार वर्षं वापरलेलं मशीन तुम्हाला दोन लाखांना विकतोय, त्यालाच विचारा, "असंच चार वर्षं वापरलेलं माझं मशीन केवढ्याला घ्याल?" त्याला वाहतूक, दुरुस्ती आणि नफा सुटायला हवा, म्हणून तो दोन लाख म्हणणार नाही. दीड लाख म्हणाला तर रिडेव्हलपमेंटची भीती या हिशेबापुरती सोडून द्या. नव्वद हजार म्हणाला तर चार वर्षांत हलावं लागल्यास आजच्या किंमतीत बत्तीस-तेहतीस हजारांचा फटका बसेल. तो सोसायचा की सोसायटीच्या पुढच्या सभेचा निकाल लागेपर्यंत थांबायचं, हे तुम्ही ठरवा. एवढ्या फटक्यासाठी मी असतो तर थांबलो नसतो.

मी ज्यासाठी थांबलो असतो ते म्हणजे डबे. नाकारलेल्या ऑर्डरींपैकी कोण कोण आजही हवे म्हणतात, त्यांना फोन करा, आणि मशीनच्या पोळीचा नमुना पाठवून "रोज किती, कधीपासून" हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. पन्नासच्या वर गेलात तर नवं घ्या. पस्तीस ते पन्नासमध्ये अडकलात तर विक्रेत्याशी किंमतीवर घासाघीस करा. वीस हजार कमी झाले की रोजची गरज चार-पाच पोळ्यांनी घटते. पस्तीसच्या आत असलात तर दिवाळीनंतर जाणाऱ्या बाईंच्या जागी दुसरी बाई शोधा, ते स्वस्त पडेल.

आणि नवं घ्यायचं ठरलं तर महावितरणकडे थ्री फेज आणि वाढीव लोडचा अर्ज मशीनच्या ऑर्डरीआधी टाका. मशीन दारात येऊन मीटरची वाट पाहत बसलं, तर पहिल्या वर्षाच्या त्या ६७ हजारांमधून महिने कापले जातात, आणि पतसंस्थेचा हप्ता मात्र वेळेवर सुरू होतो.